दवाखान्यातून घरी येताना: तान्ह्या बाळाच्या कार सीटची तयारी

तान्ह्या बाळाची कार सीट प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या निदान महिनाभर आधी घरात आलेली असावी, कारण बाळ दहा-पंधरा दिवस लवकर आले तर दवाखाना, औषधे आणि पाहुणे यांच्या धांदलीत सीट नीट बसवून पाहायला कोणालाच सवड मिळत नाही. गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे बाळंतपण नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात झाले आणि तेथून तिला माहेरी सिन्नरला यायचे होते. तेव्हा आम्ही जे शिकलो आणि जे आधी चुकलो, त्यावरून ही यादी केली आहे.

यादीतले पहिले काम घरातल्या मोठ्यांशी बोलण्याचे आहे आणि ते खरेदीच्याही आधी उरकावे. “चाळीस वर्षांत घरातली सगळी बाळं माझ्या मांडीवरून आली, एकाला कधी खरचटलं नाही,” असे आमच्या आई म्हणाल्या. त्यांची माया खरी आहे, परंतु येथे प्रश्न हातांच्या ताकदीचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ३ किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सरासरी सुमारे ४२ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि धक्क्याच्या ऐन क्षणी तो याहूनही बराच वाढतो. वेग ताशी ३० असला तरी हा जोर २५ किलोंच्या आसपास असतो, म्हणजे धान्याचे मोठे पोते कोणी अचानक आपल्या हातांतून हिसकावे तसा. सावध होऊन मिठी घट्ट करायलाही वेळ मिळत नाही. मांडीवर घेणाऱ्याने सीटबेल्ट लावला नसेल, तर तो स्वतः पुढे फेकला जातो आणि बाळ त्याचे अंग व पुढची सीट यांच्यामध्ये चिरडले जाते. एकाच बेल्टमध्ये दोघांना अडकवले, तर मोठ्या माणसाच्या साऱ्या वजनाने तोच पट्टा बाळाच्या पोटात रुततो. हा हिशोब पुतणीने कागदावर मांडून दाखवला, तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग मी बाळाच्या शेजारी बसेन.” त्यांच्यासाठी तीच योग्य जागा होती.

सीट निवडताना ती नवजात बाळासाठीची आणि बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवणारी असली पाहिजे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे व जड असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. बाळ पुढे तोंड करून बसले असेल, तर धडकेत धड पट्ट्यांनी अडते आणि डोके मात्र पुढे झेपावते. मागे तोंड असले, तर पाठ, मान आणि डोके तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात व धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. सीटवरच्या नारिंगी लेबलावर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि ‘आर ४४/०४’ किंवा ‘आर १२९’ हा मानकाचा उल्लेख पाहावा, तसेच सीट किती वजनापासून चालते हेही वाचावे. कोणाची वापरलेली सीट मिळत असेल, तर ती कधीही अपघातात सापडलेली नाही हे देणारा खात्रीने सांगू शकत असेल तरच घ्यावी, आणि प्लास्टिकवर कोरलेली निर्मितीची तारीखही तपासावी.

यानंतरची आमची चूक मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. आम्ही गाडी न नेता सीट आणली. दुकानात ती एका लाकडी बाकावर मांडलेली होती आणि “सगळ्या गाड्यांत बसते” असे आम्हाला सांगण्यात आले. अशा सीटमध्ये गाडीच्या बेल्टचा कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून दोन्ही कडांच्या निळ्या खाचांतून जातो, आणि खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळसा घालून तिथल्या निळ्या खुणेच्या हुकात अडकतो. एवढा वळसा घ्यायला बेल्ट पुरेसा लांब लागतो. आमच्या जुन्या गाडीचा बेल्ट पूर्ण ओढूनही बकलपासून वीतभर अलीकडेच संपला. बाजारात मिळणारा जोडपट्टा लावण्याचा विचार मनात आला होता, पण तो सीटच्या चाचणीत नसतो, म्हणून आम्ही सीट परत केली आणि दुसऱ्या दुकानाच्या दारात गाडी उभी करून, मागच्या डाव्या जागेवर प्रत्यक्ष बसवून पाहूनच दुसरी घेतली. डावी बाजू यासाठी, की आपल्याकडे गाडी थांबल्यावर तिकडचे दार वाहतुकीकडे न उघडता रस्त्याच्या कडेकडे उघडते. एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर मागे तोंडाची सीट कधीही ठेवू नये, कारण फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. गाडीत आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट अडकवण्यासाठी बाकाच्या खाचेत बसवलेल्या धातूच्या कड्या असतील, तर त्यांत अडकणारा सीटचा तळ घेतल्याने बसवण्यातल्या चुका कमी होतात. मात्र दोन्ही खुणा हिरव्या झाल्या आहेत आणि आधाराचा पाय जमिनीवर घट्ट टेकला आहे, हे तरीही पाहावे.

बसवण्याचा सराव गाडी सपाट जागी उभी करून करावा. बेल्ट खाचांतून नेऊन बकल लावल्यावर एका हाताने सीट खाली दाबून धरावी आणि दुसऱ्याने पट्ट्याची ढिलाई खांद्याच्या दिशेने ओढून काढावी. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवावी. ती २-३ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर पुन्हा बसवावी. बकलचा देठ सीटच्या प्लास्टिकवर वाकून टेकला असेल, तर धक्क्यात बकल तुटू किंवा उघडू शकते, आणि अशी जोडी त्या जागेवर चालत नाही. सीटच्या कुशीवरची रेघ जमिनीला समांतर आली पाहिजे. आमच्या गाडीचे बाक मागे उतरते असल्याने सीट जास्त उभी राहत होती, आणि तसे झाले की नवजात बाळाची हनुवटी छातीवर पडून श्वासाची वाट दबते. पुस्तिकेत मुभा होती, म्हणून आम्ही बाक आणि पाठ जुळतात त्या खाचेत टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली, आणि रेघ जुळली.

बाळाचे कपडे आदल्या दिवशीच वेगळे काढावेत. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळण्याची आपली रीत आहे, पण गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जातच नाही आणि जाड स्वेटर धडकेत चेपून पट्टे सैल पडतात. म्हणून पाय मोकळे असलेले पातळ सुती कपडे व टोपडे घालावे, खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आणावेत, आणि ते इतके घट्ट करावेत की गळ्याच्या हाडाशी पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. दुपटे त्यावरून पांघरावे, तोंड उघडे राहील असे. सीटसोबत न आलेली उशी किंवा गादी आत घालू नये. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा फार कमी वजनाचे असेल, तर घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना ते अशा कलत्या स्थितीत बसू शकेल का, हे विचारावे.

प्रवासात आई बाळाशेजारी बेल्ट लावून बसल्या आणि त्याच्या हनुवटीकडे पाहत राहिल्या. नाशिकरोडची गर्दी ओलांडल्यावर बाळ रडू लागले, तेव्हा त्यांचे हात पट्ट्याकडे गेले. पुतणीने “आजी, थांबा, आधी गाडी उभी करू,” म्हटले. एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबून तिने बाळाला बाहेर काढून पाजले, पुन्हा पट्टे लावून चिमटीने तपासले आणि मगच आम्ही निघालो. सिन्नरला पोहोचल्यावर बाळ झोपलेले होते, तरी त्याला सीटमध्ये तसेच न ठेवता लगेच सपाट अंथरुणावर उताणे निजवले.