फोटोवरून ब्रश आणि खडू ओळखताना

अप्पा बळवंत चौकाजवळच्या चित्रसाहित्याच्या दुकानात व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी मी बघतो. पुष्कळदा वस्तूचं नाव नसतंच. नुसता फोटो येतो आणि खाली ‘असाच ब्रश पाहिजे’ एवढंच लिहिलेलं असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की असे फोटो वाढतात. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना मी सगळ्यात आधी दाखवतो ते हे.

ब्रशचा फोटो आला की नजर आधी केसांवर जाते. तिथे शेवटी या. केस ओले असतात, रंग वाळून फिसकारलेले असतात, त्यामुळे टोकाचा आकार बदलतो. केस धरून ठेवणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल, सहसा तशीच राहते.

परवा एका ताईंनी समोरून काढलेला फोटो पाठवला होता. ब्रशचं टोक गोलसर होतं आणि त्यांना तो राउंड वाटत होता. पण फेरूल दांड्याकडून केसांकडे जाताना रुंद होत गेली होती. राउंडची फेरूल उलट केसांकडे निमुळती होते. दुसरी खूण उजेडाची. गोल नळीवर उजेडाची एकच बारीक उभी रेघ दिसते, चपट्या नळीवर तो सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. इथे पसरला होता. म्हणजे ब्रश चपटा आणि टोक गोलसर, अर्थात फिल्बर्ट. तरी एक शंका उरते: झिजलेला फ्लॅट ब्रशही कोपरे गोल होऊन असाच दिसतो. त्यासाठी फोटो मोठा करून टोकाची कड बघितली. झिजलेल्या ब्रशाचे केस खालीवर, तुटके असतात. फिल्बर्टची कड सलग वळते, कारण त्याचे केस बांधतानाच त्या आकारात बसवलेले असतात. इथे कड सलग होती. ताईंना लिहिलं, “हा फिल्बर्ट आहे. बाजूने एक फोटो पाठवता का, म्हणजे खात्री होईल.” बाजूने ब्रश पातळ दिसला आणि प्रश्न मिटला.

फ्लॅट आणि ब्राइट यांत मात्र फेरूलचा उपयोग नाही, दोन्हींची चपटीच असते. तिथे केसांची लांबी रुंदीशी ताडून बघायची. ब्राइटचे केस आखूड, रुंदीपेक्षा थोडेच जास्त; फ्लॅटचे चांगले लांब.

खडूंचं काम जास्त नाजूक आहे, कारण पुष्कळदा वस्तूऐवजी चित्राचाच फोटो येतो. रंगावरून काही ठरवू नका. झेंडूचा केशरी मेणखडूत, ऑइल पेस्टलमध्ये आणि सॉफ्ट पेस्टलमध्येही मिळतो. फोटो मोठा करा आणि जिथे रेघ संपते ती जागा शोधा. मेणखडू कडक असतो. तो कागदाच्या उंचवट्यांवरून घसरत जातो आणि खळग्यांत पांढरे ठिपके राहतात, हात दोनदा फिरवला तरी. ऑइल पेस्टल मऊ आणि चिकट, म्हणून खळगे भरतात, रेघेच्या कडेला रंगाचा बारीक बांध दिसतो आणि कुठेकुठे गुठळ्या चिकटलेल्या असतात. हिरव्या पानावर पिवळी रेघ मारली असेल तर ती वर बसलेली दिसते, पण खालचा थोडा हिरवा ओढून घेते. मेणखडूत वरचा फिकट रंग जवळपास बसतच नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी, अगदी थोड्या डिंकात बांधलेली. त्यामुळे चकाकी अजिबात नाही, बोटाने पुसलेल्या जागी रेघच उरत नाही आणि चित्राभोवतीच्या कोऱ्या कागदावर धूळ दिसते.

चकाकीवर भरवसा ठेवण्याआधी फोटो कसा काढलाय ते बघा. फ्लॅशमध्ये सपाट रंगही चकाकतो. खिडकीच्या बाजूला ठेवून, फ्लॅश बंद करून, जरा तिरका फोटो मागवा. काळ्या चित्रांत तर हाच फोटो निकाल देतो: पेन्सिलीचं ग्रॅफाइट तिरक्या उजेडात राखाडी चमकतं, चारकोल तसाच काळा राहतो.

चारकोलची कांडी फोटोत असेल तर काम सोपं. विलो चारकोल ही जाळलेली डहाळीच असते, त्यामुळे किंचित वाकडी, कमीजास्त जाडीची. कॉम्प्रेस्ड चारकोल भुकटी दाबून केलेला, म्हणून कांडी सरळ, एकसारखी आणि तिची रेघ जास्त गडद.

दोन गोष्टी मात्र मी फोटोवरून कधीच सांगत नाही. ब्रशचे केस सेबलचे की सिंथेटिक, कारण चांगलं सिंथेटिक दिसायला हुबेहूब असतं. आणि पूर्ण झालेल्या चित्रातला गडद काळा कॉम्प्रेस्ड चारकोल की काळा सॉफ्ट पेस्टल. तेव्हा सरळ विचारतो, “काका, कांडीचा किंवा डबीचा फोटो आहे का?” नसेल तर दोन्हींची एकेक सुटी कांडी सुचवतो आणि पूर्ण सेट घेण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर ओढून बघायला सांगतो.