डोस रिपोर्टवरचे दोन आकडे: CTDIvol आणि DLP

सीटीवर नवीन लागलात की स्कॅननंतर निघणारा डोस रिपोर्ट नुसता फाइलला लावू नका. फोंड्याच्या एका सेंटरमध्ये मी पहिले सहा महिने तेच केलं.

पेडण्याहून मुतखड्याच्या दुखण्याने एक सडपातळ तरुण आला होता. साधा केयूबी केला. रिपोर्टवर CTDIvol 12 mGy आणि DLP 612 mGy·cm. सिनियर मॅडमनी कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "भागाकार कर बघू." 612 भागिले 12 म्हणजे 51 सेंटीमीटर. CTDIvol सांगतो स्कॅनच्या पट्ट्यात मशीनने सरासरी किती मारा केला. DLP म्हणजे तोच आकडा गुणिले स्कॅनची लांबी. त्या मुलाला मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत 40 सेंटीमीटर पुरले असते. मी बॉक्स थेट छातीपासून लावला होता. ही चूक CTDIvol मध्ये दिसतच नाही, म्हणून दोन्ही आकडे वाचायचे.

पण 12 सुद्धा त्या अंगकाठीला जास्त होता. टोपोग्राम, म्हणजे स्कॅनआधी आखणीसाठी काढलेलं चित्र, पुन्हा उघडला तर पेशंटचा मध्य आयसोसेंटरच्या, म्हणजे गँट्रीच्या मध्यबिंदूच्या, बराच वर. आमच्याकडे टोपोग्रामच्या वेळी ट्यूब वर असते; पेशंट तिच्या जवळ गेला की सावली मोठी पडते, मशीनला तो जाड वाटतो आणि ते एमए वाढवतं. तेव्हापासून मी लेझर रेषा बाजूने, पोटाच्या मध्यावर आली का हे पाहिल्याशिवाय टेबल आत सोडत नाही.

उरलेलं काम प्रोटोकॉलचं. चित्रात किती दाणे चालतील हे मशीनला सांगणारा आकडा म्हणजे नॉइज इंडेक्स. रेडिओलॉजिस्ट सरांबरोबर बसून तो 12 वरून टप्प्याटप्प्याने 16 वर नेला. खडा आजूबाजूच्या मांसापेक्षा खूप पांढरा दिसतो, त्यामुळे चित्र थोडं दाणेदार झालं तरी चालतं. डोस नॉइजच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने एवढ्या बदलात डोस जवळजवळ निम्मा होतो. पुढे तशाच बांध्याच्या पेशंटला CTDIvol 5.6 आणि DLP 224 आले, आणि तीन मिलिमीटरचा खडा सरांना स्पष्ट दिसला. यकृतातली गाठ शोधायची असेल तर मात्र हे सेटिंग वापरू नका. तिथे फरक इतका पुसट असतो की दाण्यांत गाठ हरवते.

पेशंटने "मला किती डोस मिळाला?" विचारलं तर CTDIvol वाचून दाखवू नका. तो आकडा 32 सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या फँटमसाठी असतो. सडपातळ माणसाच्या अंगात प्रत्यक्षात त्याहून जास्त जातो, जाड माणसाच्या कमी. लहान मुलांच्या रिपोर्टवर फँटम 16 चा की 32 चा हे आधी बघा. त्याच माऱ्याला 16 वर आकडा साधारण दुप्पट येतो. आणि 110 किलोच्या पेशंटला CTDIvol 14 आला म्हणून घाबरून एमए कमी करू नका. मी एकदा केला होता. खडा दिसला नाही आणि स्कॅन पुन्हा करावा लागला.