व्हर्च्युअल असिस्टंटचा पोर्टफोलिओ: कामाची पद्धत आणि निकाल कसे दाखवावेत

लोगो करणारा लोगो दाखवतो, फोटोग्राफर फोटो दाखवतो. पण दुसऱ्याची बिलं, मेल आणि भेटींच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाचं काम चांगलं झालं की ते दिसेनासंच होतं. मग बायोडेटात ‘ईमेल मॅनेजमेंट, कॅलेंडर मॅनेजमेंट, एमएस ऑफिस’ अशी यादी येते आणि ती सगळ्यांचीच सारखी असते. नवा क्लायंट त्या यादीवरून काहीच ठरवू शकत नाही. त्याला दोन गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस काम कोणत्या क्रमानं आणि किती डोकं लावून करतो, आणि त्यानं आधीच्या ठिकाणी नेमकं काय बदललं. पहिलीचं उत्तर कार्यपद्धतीच्या कागदातून मिळतं, म्हणजे ज्याला कामाच्या जगात एसओपी म्हणतात त्यातून. दुसरीचं उत्तर मोजलेल्या निकालातून मिळतं.

हे एका उदाहरणावर करून बघू. समजा, नाशिकहून काम करणारी एक असिस्टंट पुण्यातल्या एका छोट्या इंटिरियर फर्मच्या बिलांचा पाठपुरावा करते. फर्म महिन्याला सात-आठ बिलं काढते, पैसे उशिरा येतात, मालकाला फोन करायला वेळ नाही. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. कामाची रीत मात्र खरीच आहे.

पहिली पायरी: कामाला हात लावण्याआधीची स्थिती टिपा

पोर्टफोलिओ बहुतेक वेळा इथेच हातचा जातो. सहा महिन्यांनी ‘बिलं आता लवकर वसूल होतात’ असं सांगायचं असतं, पण आधी किती दिवस लागायचे हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यातच मागच्या तीन महिन्यांची नोंद काढा. शीटमध्ये चार रकाने पुरतात: A मध्ये बिल क्रमांक, B मध्ये बिलाची तारीख, C मध्ये पैसे आल्याची तारीख आणि D मध्ये लागलेले दिवस.

काम आधीच सुरू झालं असेल तरी नोंद मागे जाऊन काढता येते. बिलाची तारीख बिलावरच असते आणि पैसे आल्याची तारीख बँक स्टेटमेंटवर. दिवस मोजायचे ते बिलावरच्या तारखेपासून की बिल ग्राहकाला पाठवल्यापासून, हे एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि पुढेही तेच धरा. छोट्या फर्ममध्ये पाच तारखेचं बिल अकरा तारखेला मेल होणं नेहमीचंच असतं. तो उशीरही पकडायचा असेल तर बिलावरची तारीख धरावी.

आपल्या उदाहरणात जुलै ते सप्टेंबरची 23 बिलं निघाली.

दुसरी पायरी: पद्धत एका पानावर लिहा

‘वेळोवेळी पाठपुरावा केला’ या वाक्याला पद्धत म्हणता येत नाही. पद्धतीच्या कागदात काम कशानं सुरू होतं, पुढे काय, कोणत्या दिवशी आणि कुठे थांबायचं हे लिहिलेलं असतं. इंटिरियर फर्मसाठीचा कागद असा होईल:

- बिल निघालं त्याच दिवशी मेल करायचं, साइटवरच्या माणसाला नाही तर ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला.
- दुसऱ्या दिवशी एक फोन: बिल मिळालं का, खरेदी ऑर्डरचा म्हणजे पीओ क्रमांक आणि जीएसटी क्रमांक बरोबर आहेत का, बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढलं का.
- मुदतीच्या पाच दिवस आधी व्हॉट्सॲपवर आठवण. मुदतीच्या दिवशी मेल, सोबत बिलाची प्रत पुन्हा जोडून.
- मुदतीनंतर सात दिवसांनी फोन. त्यात ‘पैसे कधी देता’ असं न विचारता ‘कुठल्या तारखेच्या पेमेंटमध्ये लागलं आहे’ असं विचारायचं आणि ती तारीख शीटमध्ये लिहायची.
- पंधरा दिवस उलटले की विषय मालकाकडे.

यातली दुसऱ्या दिवशीच्या फोनची ओळ सगळ्यात मोलाची आहे. जुन्या बिलांच्या मेल चाळल्यावर लक्षात येतं की बरीच बिलं पैशांअभावी अडलेली नव्हती. पीओ क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक चुकला, किंवा बिल साइट इंजिनिअरच्या मेलमध्येच पडून राहिलं, अशी कारणं होती. आणि ती मुदत उलटून गेल्यावर कळत होती. हा शोध पोर्टफोलिओत आलाच पाहिजे, कारण असिस्टंटनं आठवणींचे मेल पाठवण्याआधी कारण शोधलं हे त्यातूनच दिसतं.

पायऱ्यांच्या खाली अपवाद लिहा. जाणता क्लायंट आधी तेच वाचतो. उदाहरणार्थ: ग्राहकानं कामाच्या दर्जाबद्दल तक्रार केली तर सगळ्या आठवणी लगेच थांबवायच्या आणि त्याच दिवशी मालकाला कळवायचं. सवलत किंवा हप्त्यांचं आश्वासन असिस्टंटनं द्यायचं नाही. रक्कम टीडीएस कापून कमी आली असेल तर तिला थकबाकी समजून फोन करायचा नाही, आधी कपात जुळते का ते बघायचं. अशा तीन-चार ओळी वाचल्या की समोरच्याला कळतं की या व्यक्तीच्या हाती आपले ग्राहक सोपवायला हरकत नाही.

कागद पुरा झाला का हे तपासायला तो या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्याला द्या आणि एक बनावट बिल देऊन ‘आता तू काय करशील?’ असं विचारा. तो जिथे अडून तुम्हाला प्रश्न विचारेल, तिथे कागदात काहीतरी सुटलं आहे.

तिसरी पायरी: निकाल असा मोजा की तो प्रश्नांना टिकेल

सरासरी काढायचा मोह होतो, पण बिलांच्या बाबतीत ती दगा देते. 23 बिलांत एखादं वादातलं बिल 160 दिवस रखडलं तर ते एकटंच सरासरी पाचेक दिवसांनी वर ओढतं. त्यापेक्षा मधली संख्या घ्या: दिवस चढत्या क्रमानं लावले की 23 मधलं बारावं. शीट ते स्वतः काढून देते.

```
=IF(C2="",TODAY(),C2)-B2
=MEDIAN(D2:D24)
```

पहिलं सूत्र D रकान्यात प्रत्येक बिलासमोर लिहायचं, दुसरं एकदाच खाली. D मध्ये दिवसाऐवजी तारीख दिसली तर रकान्याचं फॉरमॅट नंबर करा. पहिल्या सूत्रात TODAY() मुद्दाम आहे. अजून न भरलेली बिलं यादीतून वगळली तर उरतात फक्त लवकर भरलेली, आणि निकाल आपोआप छान दिसतो. तो आकडा खोटा असतो. न भरलेलं बिल आजपर्यंत जितके दिवस अडलं आहे तितके दिवस धरून ते यादीतच ठेवायचं. मधली संख्या वापरल्यामुळे ते शेवटाला जाऊन बसतं आणि हिशोब बिघडत नाही. अट एवढीच की निम्म्याहून कमी बिलं बाकी असावीत आणि बाकी असलेलं प्रत्येक बिल मधल्या संख्येपेक्षा जुनं झालेलं असावं. म्हणून तिमाही संपल्या संपल्या मोजू नका, दोन महिने जाऊ द्या. आणि TODAY() चा आकडा रोज बदलतो, तेव्हा मोजलेल्या दिवसाची तारीख आणि उत्तर वेगळं लिहून ठेवा.

आपल्या उदाहरणात जुलै-सप्टेंबरला मधली संख्या 41 दिवस होती. ऑक्टोबर-डिसेंबरच्या 25 बिलांची, फेब्रुवारीअखेर मोजली तेव्हा 27 दिवस आली, तीन बिलं अजून बाकी असताना.

या फरकाचं सगळं श्रेय स्वतःकडे घेऊ नका. त्याच काळात मालकानं आगाऊ रक्कम वाढवली का? एखादा उशिरा पैसे देणारा मोठा ग्राहक सुटला का? तिमाही मार्चची असेल तर वर्षअखेरीमुळे पैसे तसेही लवकर सुटतात का? असं काही असेल तर ते एका ओळीत लिहा. ‘एका मोठ्या ग्राहकाचा स्वतःचा साठ दिवसांचा नियम आहे, त्याच्या बिलांत फरक पडला नाही’ या वाक्यामुळे 41 वरून 27 हा आकडा जास्त खरा वाटतो.

चौथी पायरी: परवानगी आणि झाकपाक

काम क्लायंटचं आहे, म्हणून आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा. मग लेखी विचारा, तेही तयार पान सोबत जोडून. असा मेल पुरतो: ‘सर, बिलांच्या पाठपुराव्याचं काम मी माझ्या पोर्टफोलिओत दाखवू इच्छिते. फर्मचं नाव, ग्राहकांची नावं आणि रकमा कुठेही नाहीत. पान सोबत जोडलं आहे. काही काढायचं असेल तर सांगा.’ नुसती परवानगी मागितली तर लोक बिचकतात. तयार पान बघितलं की त्यांना नेमकं काय बाहेर जाणार ते कळतं. तरीही नकार आला तर आकडे आणि क्लायंटची माहिती सोडून द्या. स्वतःची पद्धत सर्वसाधारण रूपात लिहायलाही कलम आड येतं का, तेवढं बघून घ्या.

खऱ्या शीटचा स्क्रीनशॉट घेऊन नावं पुसत बसू नका. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बऱ्याचदा निवडून कॉपी करता येतो. गूगल शीटमधले लपवलेले रकाने, शीटची कॉपी काढणाऱ्याला उघडता येतात. नवी कोरी फाइल घ्या, बनावट नावांच्या पाच-सहा ओळी भरा आणि वर ठळक लिहा: ‘नमुना माहिती’.

पाचवी पायरी: एक काम, एक-दोन पानं

सगळ्यात वर निकालाची ओळ: ‘इंटिरियर फर्म, पुणे: बिल ते पैसे, 41 दिवसांवरून 27.’ त्याखाली आधीची स्थिती दोन-तीन वाक्यांत, मग कारण काय सापडलं, मग पद्धतीचा कागद अपवादांसह, शेवटी कसं मोजलं आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. अशी दोन-तीन कामं पुरेत. दहा अर्धवट पानांपेक्षा ती जास्त बोलतात.

सल्लागाराच्या कामात बऱ्याचदा मोजायला दिवस किंवा बिलं नसतात. तिथे निर्णय दाखवा: क्लायंटपुढे कोणते पर्याय होते, कोणत्या कसोट्यांवर तोलले, काय सुचवलं, आणि सहा महिन्यांनी त्यातलं काय अमलात आलं.

अजून एकही क्लायंट नसेल तर ओळखीच्या ठिकाणी खरं काम मागा. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वसुलीला हीच शीट आणि हीच पद्धत लागू पडते, आणि ‘विनामोबदला केलेलं काम’ असं स्पष्ट लिहिलं की त्यात कमीपणा नाही. नुसतं मनानं रचलेलं उदाहरण असेल तर त्यावर ‘नमुना’ लिहा आणि निकालाचा आकडा देऊ नका.

पान गूगल डॉक्समध्ये असेल तर शेअर करताना ‘Anyone with the link’ आणि ‘Viewer’ निवडा. मग ती लिंक लॉगिन नसलेल्या इन्कॉग्निटो खिडकीत आणि एकदा फोनवर उघडून बघा. लिंक उघडताना परवानगी मागावी लागली तर बरेच क्लायंट मागत बसत नाहीत, पुढच्या अर्जाकडे वळतात.