दोन कामाच्या माणसांची ईमेलवर ओळख करून देताना आधी परवानगी कोणाची घ्यायची

ओळख करून देणारा मेल लिहायला पाच मिनिटं लागतात, पण त्याच्या आधीचं काम लोक करतच नाहीत. दोघांना सीसीत टाकायचं, "तुम्ही दोघं बोलून घ्या, मजा येईल" असं लिहायचं आणि आपण मोकळे. कृपा करून हे बंद करा.

माझ्या ओळखीतलं एक उदाहरण घेते. नाशिकला एक ताई नाचणीची बिस्किटं करतात, पावसाळ्यात पाकिटातली बिस्किटं सादळतात म्हणून दुकानदार माल परत पाठवतात. पुण्यात एक पॅकेजिंगवाले सर आहेत, त्यांना त्यांची नवीन पाऊच फिल्म छोट्या उत्पादकाच्या खऱ्या मालावर वापरून बघायची होती. म्हणजे दोघांनाही काहीतरी मिळणार होतं. एकालाच मिळणार असेल तर ती ओळख नाही, ती मदतीची विनंती आहे, आणि ती तशीच स्पष्ट सांगून करा.

पहिलं काम, ज्याला गरज जास्त आहे त्याच्याकडून एक वेगळा मेल मागवा, जो तुम्ही जसाच्या तसा पुढे पाठवू शकाल. पाच-सहा ओळी पुरे. "काल फोनवर बोललो तसं" वगैरे त्यात नको, कारण वाचणारा त्या फोनवर नव्हता. ताईंनी आधी लिहिलेलं, "पॅकिंगबद्दल मार्गदर्शन हवंय." यावर कोणी काय उत्तर देणार? मग त्यांनी बदलून लिहिलं: "बिस्किटं साध्या प्लास्टिक पाकिटात आहेत, जुलैत पंधरा दिवसांत मऊ पडतात, तीन महिने टिकायला हवीत. फिल्म बदलू की सीलिंग, एवढंच विचारायचंय, वीस मिनिटं मिळाली तर बरं." हे वाचून सरांना लगेच कळतं की आपल्याला यात काही सांगता येईल का.

आता अवघड टप्पा, मला सगळ्यात जड जायचा तो हाच. सरांना एकट्याला विचारायचं, ताईंना सीसीत न टाकता. एकदा का दोघं एकाच मेलवर आले की नाही म्हणणं म्हणजे अनोळखी बाईला तोंडावर नकार देणं, आणि आपल्याकडे माणूस तसं करत नाही, भिडेखातर हो म्हणतो आणि मग मेल तसाच पडून राहतो. ताई वाट बघतात, सर अवघडतात, आणि पुढच्या वेळी तुमचा मेल उघडतानाच त्यांच्या कपाळावर आठी येते.

मी सरांना लिहिलं ते असं:

"सर नमस्कार. खाली नाशिकच्या एका उत्पादक ताईंचा मेल आहे. तुम्हाला छोट्या बॅचवर फिल्म वापरून बघायची होती म्हणून तुमची आठवण झाली, त्या त्यासाठी माल द्यायला तयार आहेत. ओळख करून देऊ का? आत्ता जमणार नसेल तर 'नको' एवढंच कळवा, त्यांना तुमचं नाव मी सांगितलेलं नाही."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका आणि ते खरंही असू द्या. गरजू माणसाला आधी फक्त "एकांना विचारते" एवढंच सांगायचं. नाव सांगितलंत तर तो लिंक्डइनवर शोधून थेट मेसेज करतो, मग परवानगी मागण्याला काही अर्थच उरत नाही.

उत्तर नीट वाचा. "हो हो, बघू कधीतरी" हा होकार नाही, त्यावर ओळख करून देऊ नका. "गुरुवारनंतर फोन करायला सांगा" हा होकार. काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. नकार आला तर ताईंना "सध्या त्यांना जमत नाहीये" एवढंच सांगा, कारणं देत बसू नका. फोन नंबर तर विचारल्याशिवाय द्यायचाच नाही.

होकार आला की मुख्य मेल सोपा आहे. विषयात दोघांची नावं आणि काम लिहा, नुसतं "ओळख" लिहिलं तर महिन्याभराने शोधून सापडत नाही. आत प्रत्येकाबद्दल एकेक ओळ, तीही कामाची: "ताई नाचणीची बिस्किटं करतात, पावसाळ्यात टिकवण्याचा प्रश्न आहे", "सर फूड पॅकेजिंगमध्ये आहेत, नवीन फिल्मसाठी छोटी बॅच हवी आहे". "फार ग्रेट माणूस" वगैरे विशेषणं काढून टाका, समोरच्याला उगाच ओझं होतं. आणि पुढचं पाऊल कोणाचं ते लिहाच: "ताई, गुरुवारनंतरच्या दोन वेळा तुम्ही सरांना कळवा." हे नसलं की दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात.

ताईंना आधीच सांगून ठेवा की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि देताना मला 'टू'मधून काढून बीसीसीत टाका. म्हणजे तो एक मेल मला दिसतो, गाडी सुरू झाल्याचं कळतं, आणि नंतर त्यांनी एकमेकांना रिप्लाय ऑल केलं तरी वेळा ठरवण्याचे मेल माझ्याकडे येत नाहीत.