आधी पत्ता टिपा, मग रिपोर्ट करा

रंकाळ्यावर काढलेला साधा फोटो उचलून कोणी आपल्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खाते उघडले, तर पहिले काम रिपोर्ट करण्याचे नसून त्या खात्याची आणि त्यावरील प्रत्येक पोस्टची लिंक टिपून ठेवण्याचे असते. राजारामपुरीतील एका मुलीच्या बाबतीत नेमके हेच राहिले. घरच्या सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केले, खाते बंद झाले, आणि पोलिसांपुढे ठेवायला उरले फक्त फोटोचे स्क्रीनशॉट, ज्यांत तो कोणत्या खात्यावर होता हे कुठेच दिसत नव्हते.

ॲपमधल्या स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण पत्ता येत नाही, म्हणून लिंक ब्राउझरमध्ये उघडून वरच्या पट्टीसह, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. खात्याचे नाव बदलले की त्याची जुनी लिंक चालत नाही. पोस्टच्या लिंकमधील /p/ नंतरची अक्षरे मात्र तीच राहतात. तेव्हा दोन्ही लिंका हव्यात, आणि त्या टंकलेल्या स्वरूपात हव्यात, चित्रात नव्हे. ओळखपत्र जवळ असतेच. मूळ फोटो मोबाइलमधून खोडू नये.

आता तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील तिसऱ्या नियमानुसार तोतयेगिरी, मॉर्फ केलेले चित्र किंवा नग्नता असलेला फोटो याबद्दल त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार केल्यास, कंपनीने जास्तीत जास्त दोन तासांत तो मजकूर हटवायला हवा; फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती. मात्र ही तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावी लागते. नुसते रिपोर्टचे बटण दाबून त्यावर विसंबू नये. ‘फोटोतील व्यक्ती मी आहे, हे खाते माझे नाही’ एवढे स्पष्ट लिहून खाली लिंका द्याव्यात. होय, पुन्हा लिंकाच; त्या नसतील तर काय हटवायचे हे अधिकाऱ्याला कळणार तरी कसे? लग्नातला ग्रुप फोटो एखाद्या पाहुण्याने न विचारता टाकला, तर त्याला ही मुदत लागू होत नाही. तिथे आधी त्या पाहुण्यालाच फोन करावा.

पोलिसांत जायचे ते रिपोर्ट करण्याआधी, निदान त्याच दिवशी. cybercrime.gov.in वर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही लिंक विचारतात. खासगी अवयवांचा फोटो संमतीविना काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. साध्या फोटोला हे कलम लागत नाही, तिथे तोतयेगिरीवर भर द्यावा.

कंपनीने नकार दिल्यास ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करावे. त्यापुढे न्यायालय, मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते, पण आधी वकील गाठावा. पान हटल्यावरही गूगलच्या शोधात फोटो दिसत राहिला, तर तिथे वेगळी विनंती करावी लागते, आणि त्या अर्जातही लिंक लागते.