शिंप्याच्या चिठ्ठीचा फोटो पाहून मापं रकान्यांत कशी उतरवावीत

शिंप्याची ऑर्डरची चिठ्ठी तो स्वतःसाठी लिहितो. त्यामुळे त्याला आपसूक कळणाऱ्या गोष्टी तो त्यात लिहीतच नाही. कोणता आकडा छातीचा आणि कोणता सीटचा हे त्याला क्रमावरून कळतं, इंच लिहायची गरज नसते आणि अपूर्णांक तर एका रेघेत उरकतो. आपल्याला मात्र त्या फोटोवरून प्रत्येक मापाला नाव देऊन ते वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं. हे काम टायपिंगचं वाटतं, पण खरं ते वाचनाचं आहे.

आधी फोटोकडे बघा. चिठ्ठी सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून, उजेड एका बाजूने पडेल असा फोटो हवा. फ्लॅशने पेन्सिलची रेघ पुसट होते. कार्बनखालची प्रत असेल तर मूळ प्रत मिळते का ते विचारा. चिठ्ठीला कापडाचा तुकडा टाचला असेल तर तो उचलून आणखी एक फोटो घ्या, कारण त्याच्याखाली एखादा आकडा दडलेला असू शकतो. मागची बाजूही घ्या. ट्रायलनंतरचे बदल बहुधा तिथेच लिहिलेले असतात.

मग रकाने ठरवा, आणि प्रत्येक मापासाठी दोन ठेवा. पहिल्यात चिठ्ठीवर दिसतं तसंच लिहायचं, रेघांसकट. दुसऱ्यात त्याचा अर्थ, म्हणजे इंचातली किंमत. हे दुप्पट काम टाळण्याचा मोह होतो, पण पुढे शंका आली की चूक वाचनात झाली की अर्थ लावण्यात, हे केवळ पहिल्या रकान्यामुळे समजतं. एक्सेल वापरत असाल तर पहिल्या रकान्याचा प्रकार मजकूर असा ठेवा, नाहीतर 1/2 असं लिहिलेलं माप तारीख होऊन बसतं. दुसऱ्यात इंग्रजी आकडे टाका, म्हणजे बेरीज-वजाबाकी करता येते.

कपड्याचा प्रकार सर्वांत आधी भरा, कारण पुढच्या आकड्यांची नावं त्यावरून ठरतात. वर 'शर्ट २' लिहिलेलं असेल तर तो २ म्हणजे नग, माप नव्हे. प्रकार लिहिलाच नसेल तर मापं बोलतात. कॉलर आणि शोल्डर आहे आणि लांबी २९-३० च्या आसपास, तर शर्ट. तीच मापं पण लांबी ४०, तर बहुधा कुर्ता. बाही २४ असेल तर पूर्ण, ९-१० असेल तर हाफ. मांडी, गुडघा आणि बॉटम दिसले की पँट. असा तर्काने काढलेला प्रकार लिहिताना शेऱ्यात 'मापांवरून' असं नोंदवा. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेली गोष्ट आणि आपला अंदाज एकाच वजनाने नोंदवू नयेत.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो तो भाग, पाव इंच. जुन्या पद्धतीने लिहिणारे शिंपी आकड्यामागे उभ्या रेघा मारतात. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे १८। म्हणजे सव्वाअठरा, २९॥ म्हणजे साडेएकोणतीस आणि १५॥। म्हणजे पावणेसोळा. आपण सवा, दीड, पावणेदोन जसे लिहायचो तीच ही रीत. ज्याला ती माहीत नाही तो १८। ला १८१ वाचतो आणि २९॥ ला २९११. मोठ्या मापात हे लगेच उघडं पडतं, कारण कोणाचे खांदे १८१ इंच नसतात. धोका लहान मापांत आहे. गळ्याची खोली ४। असेल आणि ती ४१ म्हणून वाचली, तर ४१ हा छातीला अगदी साजेसा आकडा असतो आणि रकाना चुकला तर कोणाला शंकाही येत नाही. म्हणून अशा ठिकाणी ती रेघ बाकीच्या 'एक'शी ताडून पाहा. देवनागरी १ ला वर गोल असतो, रेघेला नसतो. शिंपी इंग्रजी आकडे लिहीत असेल तर मात्र हा आधार सुटतो. मग अंतर आणि उंची बघा, कारण अपूर्णांकाची रेघ बहुधा थोडी आखूड आणि जवळ असते.

दुसरा घोळ मिश्र आकड्यांचा. एकाच चिठ्ठीत देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे येतात. घाईत लिहिलेला देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा. एकटा आकडा घेऊन तो काय आहे असं विचारण्यात अर्थ नाही. त्याच चिठ्ठीत जो ४ नक्की ओळखता येतो तो शोधायचा आणि त्याच्याशी वादग्रस्त आकडा ताडायचा.

एक चिठ्ठी घेऊन पाहू. वर 'शर्ट' लिहिलं आहे आणि खाली एका खाली एक २९॥, ४०, ३७, ४१, १८।, २४॥, १५॥। असे सात आकडे आहेत. एकाही आकड्याला नाव नाही. खाली आडवी रेघ, मग 'पँट' आणि ४०।, ३४, ४०॥, २४, १८, १५ असे सहा.

शर्टाचा नेहमीचा एक क्रम लांबी, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, कॉलर असा आहे. तो इथे बसतो का ते आकड्यांवरून तपासायचं. २९॥ ही शर्टाची लांबी चालते, ४० छाती चालते, ३७ कंबर आणि ४१ सीटही चालतात, १८। खांदे चालतात, २४॥ पूर्ण बाही, १५॥। कॉलर. सातही जागेवर बसले. पण हा क्रम सगळ्यांचा नसतो. कोणी सीट घेत नाही, कोणी बाही आधी लिहितो. त्यामुळे त्याच शिंप्याची नावं लिहिलेली एखादी दुसरी चिठ्ठी मिळाली तर तिच्यावरून क्रम पक्का करणं सर्वांत चांगलं.

पँटीत लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम असा क्रम धरला तर मांडीच्या २४ वर अडखळायला होतं. तो आकडा २८ सारखा दिसतो, आणि मांडी २८ ही सैल प्लेटच्या पँटीत अगदीच अशक्य नाही. म्हणून वरची बाही बघा. २८॥ बाही आणि २९॥ लांबीचा शर्ट हे जुळत नाही, तेव्हा तिथला आकडा ४ च आहे. त्या ४ चा आकार मांडीच्या आकड्यात तसाच आहे. म्हणून मांडी २४. शिवाय मांडी २४, गुडघा १८, बॉटम १५ असा उतार नीट दिसतो.

शर्टाची कंबर ३७ आणि पँटीची ३४ हे मात्र जुळत नाहीत. नवखा माणूस इथे एक आकडा चुकीचा ठरवून दुरुस्त करतो. तसं करू नका. शर्टाची कंबर पोटाच्या उंचीवर घेतात आणि पँटीची पँट जिथे बसते तिथे. शिवाय शर्टाच्या आकड्यात सैलपणा आधीच मिळवलेला असू शकतो. दोन्ही आकडे आपापल्या कपड्याखाली तसेच राहतात. शर्टाची कंबर आणि पँटीची कंबर असे वेगळे रकाने हवेत ते यासाठीच. माप अंगाचं की शिवलेल्या कपड्याचं हेही शक्य असेल तर नोंदवा. मापाचा शर्ट सपाट पसरून घेतलेली रुंदी ही घेराच्या निम्मी असते, आणि बॉटमच्या जागी ७॥ दिसलं तर तो १५ घेराचाच अर्धा भाग असण्याची शक्यता जास्त. तिथे पहिल्या रकान्यात ७॥ राहू द्या, दुसऱ्यात 7.5 आणि शेऱ्यात 'सपाट'. दुप्पट आपण करायची नाही.

उरलं शोल्डर. या फोटोत चिठ्ठीची घडी नेमकी १८ च्या शेजारून जाते, त्यामुळे ती रेघ शाईची की घडीची हा प्रश्न आहे. घडीची रेघ वरच्या आणि खालच्या ओळीतही पुढे जाते आणि राखाडी दिसते, शाईची आकड्याच्या उंचीत थांबते. मोठं करून पाहिलं तर इथे दोन्ही आहेत असं वाटतं, पण खात्री होत नाही. तेव्हा नोंद अशी होते:

```
प्रकार: शर्ट (पूर्ण बाही)
लांबी: २९॥ = 29.5
छाती: ४० = 40
कंबर: ३७ = 37
सीट: ४१ = 41
शोल्डर: १८। की १८ = 
बाही: २४॥ = 24.5
कॉलर: १५॥। = 15.75
शेरा: नावं क्रमावरून; शोल्डर घडीमुळे अस्पष्ट
```

किमतीची जागा मुद्दाम रिकामी आहे. पाव इंचाने खांदा बिघडत नाही म्हणून काहीतरी टाकून द्यावं असं वाटतं, पण एकदा आकडा टाकला की तो वाचलेला होता की ओढूनताणून घेतलेला हे पुढच्या माणसाला कळत नाही.

खोडाखोड असेल तर खोडलेला आकडा पहिल्या रकान्यात कंसात ठेवा आणि वर लिहिलेला नवा आकडा किमतीत घ्या. वेगळ्या शाईने '+॥' किंवा 'बाही –१' असं लिहिलं असेल तर तो बहुधा ट्रायलनंतरचा बदल असतो. तो मूळ मापात मिसळू नका. मूळ 24.5 तसंच राहील आणि बदलाच्या रकान्यात -1 जाईल. नाव आणि फोन नंबर मात्र या तक्त्यात नकोत. चिठ्ठीचा नंबर पुरतो.

शेवटी दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. त्याने फोटो बघून मोठ्याने वाचावं आणि तुम्ही तक्ता बघावा. वाचताना अपूर्णांक उच्चारात आणू नका असं सांगा. 'पावणेसोळा' ऐकून सोळा लिहिणारे बरेच असतात, म्हणून 'पंधरा आणि तीन रेघा' असंच म्हणू द्या. जे उरेल ते शिंप्याला विचारायचं. तेही फोटोवर गोल करून नेमका तोच आकडा दाखवून, कारण पूर्ण चिठ्ठी दाखवली तर तो आठवणीतून उत्तर देतो.

उत्तर येईपर्यंत रिकाम्या जागा दोन प्रकारच्या ठेवा आणि प्रकार शेऱ्यात लिहा. माप चिठ्ठीवर नाहीच असेल तर 'घेतलं नाही', आणि आहे पण वाचता आलं नाही तर 'अस्पष्ट'. शून्य कधीच टाकू नका. सरासरी काढणाऱ्याला तो खरा आकडा वाटतो.