लोखंड-56 ची बंधनऊर्जा: 26 इलेक्ट्रॉन नेमके कुठे हरवतात

बंधनऊर्जेचं गणित सगळ्यांना येतं. सुट्या कणांची बेरीज करा, केंद्रकाचं वस्तुमान वजा करा, उरलेल्या तुटीला 931.494 ने गुणा, झालं. तरी पाय घसरतो तो एकाच जागी, आणि घसरल्यावरही उत्तर अगदी सरळ, भलं दिसतं. म्हणून त्या जागेबद्दल जरा जास्तच लिहितोय.

लोखंड-56 घेऊ. 26 प्रोटॉन, 30 न्यूट्रॉन. तक्त्यात याचं वस्तुमान 55.934936 यू, प्रोटॉनचं 1.007276, न्यूट्रॉनचं 1.008665. दहापैकी सात वह्यांत पुढचं गणित असं असतं:

```
26 × 1.007276 + 30 × 1.008665 = 56.449126
56.449126 − 55.934936 = 0.514190
0.514190 × 931.494 = 478.96
478.96 / 56 = 8.55
```

म्हणजे प्रति केंद्रकण 8.55 एमईव्ही. पुस्तकात 8.79 आहे. मग "राउंडिंगचा फरक असेल" म्हणून पान उलटलं जातं. राउंडिंगचा नाही हो! वस्तुमानं सहा दशांशांपर्यंत घेतल्यावर पाव एमईव्हीचा फरक राउंडिंगने पडत नाही.

तक्त्यातलं 55.934936 हे केंद्रकाचं वस्तुमान नाहीच, ते अख्ख्या अणूचं आहे. त्यात 26 इलेक्ट्रॉन बसलेले आहेत. आपण बेरजेत नुसते प्रोटॉन आणि न्यूट्रॉन धरले, वजाबाकीत मात्र इलेक्ट्रॉनांसकट अणू काढला. एक इलेक्ट्रॉन 0.000549 यू, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. पण 26 मिळून 0.01426 यू होतात, म्हणजे 13.29 एमईव्ही. तेवढीच ऊर्जा वरच्या उत्तरात कमी पडली आहे.

उपाय साधा आहे. प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणूचं वस्तुमान, 1.007825 यू, घ्या. मग दोन्हीकडे 26 इलेक्ट्रॉन येतात आणि आपोआप कटतात:

```
26 × 1.007825 + 30 × 1.008665 = 56.463400
56.463400 − 55.934936 = 0.528464
0.528464 × 931.494 = 492.26
492.26 / 56 = 8.79
```

इलेक्ट्रॉन अणूत जखडलेले असतात, त्यांचीही थोडी बंधनऊर्जा असतेच. लोखंडात ती सगळी मिळून 0.04 एमईव्हीच्या आत आहे. सोडून द्या.

दुसरा रस्ता म्हणजे प्रोटॉन तसाच ठेवून लोखंडातून 26 इलेक्ट्रॉन वजा करणं. तोही बरोबर. पण दोन्ही एकदम करू नका. हायड्रोजनही घेतला आणि लोखंडातून इलेक्ट्रॉनही काढले, तर 9.03 येतं. हे निदान पकडता येतं, कारण निसर्गातलं कुठलंच केंद्रक 8.80 च्या वर जात नाही. सगळ्यात वरचं निकेल-62, तेही 8.79 च्या घरातच. आवर्तसारणीतलं 55.845 घेणाऱ्यांना तर 10.29 मिळतं, कारण ती सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे. उत्तर वर चढलं तर छत डोक्याला लागतं. खाली घसरलं तर काहीच लागत नाही, आणि म्हणूनच 8.55 जास्त धोक्याचं. गाइडमध्ये प्रोटॉनचं वस्तुमान ठळक छापून हायड्रोजनचं तळटीपेत ढकलतात, त्याचा मला मनापासून राग आहे.

आता किलोज्यूल प्रति मोल. एका कणामागे 1 एमईव्ही म्हणजे मोलमागे 9.6485 × 10⁷ किलोज्यूल (1.602177 × 10⁻¹³ ज्यूल गुणिले ॲव्होगॅड्रो अंक, मग 1000 ने भागायचं). हा आकडा पाठ केलात तरी चालेल. 931.494 इतकाच तो उपयोगी पडतो.

प्रश्न नीट वाचा: मोल कशाचा? केंद्रकांचा मोल असेल तर 492.26 ला गुणा, उत्तर 4.75 × 10¹⁰. केंद्रकणांचा मोल असेल तर 8.79 ला, उत्तर 8.48 × 10⁸. दोन्हींत बरोबर 56 पट अंतर. "प्रति केंद्रकण" शब्द दिसला आणि तुमचा घातांक 10 आला, तर 56 ने भागायचं राहून गेलंय.

घाबरू नका, पडताळणी एका ओळीची आहे. 0.528464 यू प्रति अणू म्हणजेच 0.528464 ग्रॅम प्रति मोल, म्हणून एमईव्हीला वळसा घालूनही जाता येतं:

```
5.28464e-4 kg × (2.99792e8 m/s)² = 4.7496e13 J
                                 = 4.7496e10 kJ
```

इथे ग्रॅमचे किलोग्रॅम करायला विसरलात तर उत्तर 4.7496 × 10¹³ किलोज्यूल येतं. अंक तेच, फक्त हजार पट जास्त. आणि वरच्या ओळीतल्या ज्यूलच्या आकड्याशी ते हुबेहूब जुळतं. त्यामुळे "जुळलं" असं वाटून पेन खाली ठेवण्याआधी एकक वाचा. मग 56 ने भागा: मधल्या आणि जड केंद्रकांसाठी 7 ते 8.5 × 10⁸ च्या बाहेरचा आकडा आला, तर चूक बहुधा घातांकात असते, वजाबाकीत नाही.